हाताने काढलेला परिपथ: एका रेषेत तीन रोध, वरून दोन कमानी. परिणामी रोध किती?

मृण्मयी
माझी मुलगी अकरावीत आहे. तिला शिकवणीत भौतिकशास्त्राची एक सरावपत्रिका मिळाली आहे. ती शिक्षकांनी हाताने काढलेली असून तिची झेरॉक्स काढून वाटलेली आहे. त्यातल्या एका आकृतीवरून आमच्या घरात तीन उत्तरे निघाली, म्हणून येथे विचारते. छायाचित्र जोडले आहे, पण ते अस्पष्ट असल्यामुळे आकृतीचे वर्णनही करते.

एका आडव्या रेषेत डावीकडून उजवीकडे ६ ओहम, ३ ओहम आणि २ ओहम असे तीन रोध आहेत. सोयीसाठी मी ६ ओहमच्या डाव्या टोकाला अ, ६ आणि ३ यांच्या मधल्या बिंदूला ब, ३ आणि २ यांच्या मधल्या बिंदूला क आणि २ ओहमच्या उजव्या टोकाला ड म्हणते. अ पासून एक तार कमानीसारखी वरून जाऊन क ला मिळते. ब पासून निघालेली दुसरी कमान ड ला मिळते. या दोन कमानी ३ ओहमच्या वर एकमेकींना छेदतात. खाली १२ व्होल्टची बॅटरी आहे. तिच्या धन टोकाकडून निघालेली तार आणखी एका ३ ओहमच्या रोधातून अ कडे येते आणि ड पासून तार बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जाते. अ जवळ ॲमीटरचे वर्तुळ आहे.

प्रश्न तीन आहेत: संपूर्ण परिपथाचा परिणामी रोध काढा, ॲमीटरचे वाचन सांगा आणि प्रत्येक रोधातून वाहणारी धारा दिशेसह लिहा. मुलीने सगळे रोध एकसर धरून १४ ओहम उत्तर काढले. शेजारच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने ५ ओहम सांगितले. पत्रिकेच्या मागे छापलेल्या उत्तरात परिणामी रोध ४ ओहम दिला आहे, पण तो कसा आला ते दिलेले नाही, आणि पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरेही नाहीत.

रानवारा
तुमच्या शेजाऱ्याचे उत्तर मला बरोबर वाटते आणि छापील उत्तरात चूक असावी. अ पासून क पर्यंत सरळ तार टाकलेली आहे. धारा नेहमी कमी रोधाच्या वाटेने जाते, त्यामुळे ती ६ आणि ३ ओहमच्या वाटेला न जाता कमानीवरूनच क ला पोहोचेल. म्हणजे हे दोन रोध शॉर्ट झाले. उरला फक्त २ ओहम आणि बाहेरचा ३ ओहम. बेरीज ५ ओहम आणि धारा २.४ अँपिअर. अशी उदाहरणे आम्ही पदविकेला असताना पुष्कळ सोडवली आहेत.

जुना_शिक्षक
रानवारा, आपण एका कमानीला जो नियम लावलात तोच दुसऱ्या कमानीलाही लावून पाहा. ब पासून ड पर्यंतही सरळ तारच आहे, म्हणजे आपल्या तर्काने ३ आणि २ ओहमचे रोधही शॉर्ट झाले. मग तीनही रोध गेले आणि बाहेरचा ३ ओहम तेवढा उरला. पहिली कमान आधी पाहिली म्हणून ५ आणि दोन्ही एकदम पाहिल्या म्हणून ३, अशी उत्तरे बदलू लागली की नियम लावण्यातच काही चुकले आहे असे समजावे.

रोध शॉर्ट झाला असे केव्हा म्हणता येते? त्या एकाच रोधाची दोन्ही टोके निव्वळ तारेने जोडलेली असतील तेव्हा. अ ते क ही कमान ६ ओहमच्या दोन टोकांना जोडत नाही आणि ३ ओहमच्या दोन टोकांनाही जोडत नाही. ती ६ आणि ३ यांच्या जोडीच्या बाहेरच्या टोकांना जोडते. मधल्या ब बिंदूला आणखी काहीही जोडलेले नसते, तर आपले म्हणणे पूर्ण बरोबर ठरले असते, कारण मग त्या जोडीतून धारेला बाहेर पडायला वाटच नसती. पण ब पासून दुसरी तार निघालेली आहे आणि ती थेट बॅटरीच्या ऋण बाजूला जाते. त्यामुळे ब चे विभव अ सारखे राहत नाही, ते ड सारखे होते.

अशा आकृतीत वाटा शोधत बसू नये, बिंदूंना नावे द्यावीत. ज्या दोन बिंदूंमध्ये फक्त तार आहे, मग ती कितीही लांब किंवा वाकडी असो, त्यांना एकच नाव द्यायचे. येथे क हा अ च आहे आणि ड हा ब च आहे. आता आकृतीकडे न पाहता प्रत्येक रोधाची दोन टोके कोणत्या नावांना लागतात एवढेच लिहा:

```
६ ओहम : अ – ब
३ ओहम : ब – अ
२ ओहम : अ – ब
```

तीनही रोधांची टोके त्याच दोन बिंदूंना लागलेली आहेत, म्हणजे ही सरळ समांतर जोडणी आहे. १/६ + १/३ + १/२ = १, म्हणून तिघांचा परिणामी रोध १ ओहम. बाहेरचा ३ ओहम एकसर असल्यामुळे एकूण ४ ओहम आणि बॅटरीतून निघणारी धारा १२/४ = ३ अँपिअर. छापील उत्तराशी हे जुळते.

मात्र हे सगळे एका गोष्टीवर अवलंबून आहे. दोन कमानी जेथे एकमेकींना छेदतात तेथे त्या जोडलेल्या नाहीत असे मी धरले आहे. छायाचित्रात त्या जागी रेघ जरा जाड दिसते. तो ठिपका आहे की झेरॉक्सचा डाग? कृपया मूळ कागद पाहून सांगावे.

ओमकार_डी
मला हा व्हीटस्टन सेतू दिसतो आहे. चार रोध आहेत आणि मध्ये छेदणाऱ्या तारा आहेत. माझ्या मुलाच्या चाचणीत अगदी असेच आले होते आणि तेथे सेतू संतुलित असल्यामुळे मधल्या रोधातून धारा शून्य होती. मधला ३ ओहम काढून टाकला तर उत्तर सोपे होईल. त्याने तसे न केल्यामुळे पानभर समीकरणे लिहिली आणि वेळ घालवला.

जुना_शिक्षक
ओमकार, व्हीटस्टन सेतूला निदान चार वेगळे बिंदू लागतात: दोन बॅटरीचे आणि दोन मधल्या रोधाच्या टोकांचे. येथे नावे दिल्यावर तीन रोधांसाठी दोनच बिंदू उरले, तेव्हा सेतू तयार होण्यास जागाच नाही. चौथा रोध बॅटरीबरोबर एकसर आहे, तो जाळ्याच्या आत नाही. आपल्या मुलाच्या चाचणीतली आकृती वेगळी असणार. ती येथे दिलीत तर तीही पाहू.

शिवाय या परिपथात मधल्या ३ ओहममधून धारा शून्य नाही, चांगली १ अँपिअर आहे. त्याच्या दिशेबद्दल मी पुढे लिहितो, कारण तिसऱ्या प्रश्नातली खरी मेख तीच आहे.

मृण्मयी
मूळ कागद म्हणजे आमच्याकडेही झेरॉक्सच आहे, पण भिंग घेऊन पाहिले. ब, क आणि ड येथे शिक्षकांनी पेन दाबून स्पष्ट, गोल ठिपके दिले आहेत. कमानी छेदतात तेथे ठिपका गोल नाही. रेघ फक्त थोडी जाड झाली आहे, जणू दुसरी कमान काढताना पेन तेथे अडखळले असावे. अ येथे ठिपका नाही, कारण ॲमीटरचे वर्तुळ बरोबर त्याच जागी काढलेले आहे.

जुना_शिक्षक
मग प्रश्न बराचसा मिटला. हाताने काढलेल्या आकृतीत एका ठिपक्याकडे सुटे पाहून काही ठरत नाही, त्याच माणसाने त्याच पानावर इतरत्र काय केले ते पाहावे लागते. ज्याने तीन जोडांवर काळजीपूर्वक गोल ठिपके दिले, त्याला छेदस्थानीही जोड दाखवायचा असता तर त्याने तेथेही तसाच ठिपका दिला असता.

सवयीचे आरेखक तर चार तारा एकाच ठिपक्यात कधी आणतच नाहीत. चार तारा जोडायच्या असतील तर ते थोड्या अंतरावर दोन ठिपके देतात आणि प्रत्येकात तीनच तारा येऊ देतात. असे केले म्हणजे फुली दिसली की ती निव्वळ ओलांडणी आहे हे ठिपका पुसट झाला तरी कळते. जुन्या पुस्तकांत ओलांडणाऱ्या तारेला छोटी अर्धगोल उडी देत असत. हाताने काढताना अजूनही मला तीच पद्धत सर्वांत सुरक्षित वाटते, पण वर्गात ती हल्ली कमी दिसते.

दुसरी खूण प्रश्नातच आहे. छेदस्थानी जोड धरला तर अ, ब, क, ड हे चारही बिंदू एकच होतात, तीनही रोध खरोखरीच शॉर्ट होतात, परिपथात फक्त बाहेरचा ३ ओहम राहतो आणि धारा ४ अँपिअर येते. मग तिसऱ्या प्रश्नात प्रत्येक रोधातील धारा दिशेसह विचारण्याला काय अर्थ राहिला? तीन वेळा शून्य लिहावे लागले असते आणि शून्याला दिशा नसते.

पुस्तकी_किडा
निष्कर्ष मान्य आहे, पण दुसऱ्या खुणेविषयी माझी हरकत नोंदवतो. प्रश्नकर्त्याला काय विचारायचे असेल यावरून आकृती वाचणे ही परीक्षेची युक्ती झाली, भौतिकशास्त्र नव्हे. ६, ३ आणि २ यांचा समांतर रोध नेमका १ येतो, म्हणून ते समांतरच असणार, असाही तर्क मुले करतात. शॉर्ट झालेला परिपथ देऊन मुलांना फसवणारे प्रश्नही मी पाहिले आहेत आणि त्यांतही आकडे मुद्दाम असेच सुबक ठेवलेले असतात. निर्णय आकृतीतील खुणांवरून व्हावा, आकड्यांच्या सुबकपणावरून नव्हे.

जुना_शिक्षक
आकड्यांच्या सुबकपणाबद्दल आपले म्हणणे मला पटते आणि मीही तो आधार घेतलेला नाही. पण प्रश्नाचा मजकूर हा त्या पानाचाच भाग आहे. आकृती संदिग्ध असताना मजकूर बाजूला ठेवून फक्त रेघांवर निर्णय द्यावा, हे मला अतिरेकाचे वाटते.

आता धारांविषयी. एकूण ३ अँपिअर बाहेरच्या ३ ओहममधून जातात, म्हणून तेथे ९ व्होल्ट खर्च होतात आणि समांतर गटावर ३ व्होल्ट उरतात. ६ ओहममधून ३/६ = ०.५, मधल्या ३ ओहममधून ३/३ = १ आणि २ ओहममधून ३/२ = १.५ अँपिअर. बेरीज ३ येते, ती यायलाच हवी.

दिशा ठरवताना मुले हमखास चुकतात. तीनही रोध एका ओळीत काढलेले असल्यामुळे तिन्हींवर डावीकडून उजवीकडे बाण काढण्याचा मोह होतो. पण क हा बिंदू कमानीमुळे अ च्या विभवावर आहे, म्हणजे वरच्या विभवावर, आणि ब हा ड च्या विभवावर, म्हणजे खालच्या. धारा वरच्या विभवाकडून खालच्याकडे वाहते. म्हणून मधल्या रोधात ती क कडून ब कडे, अर्थात उजवीकडून डावीकडे वाहते. ६ आणि २ ओहममध्ये ती डावीकडून उजवीकडे आहे.

दिशा बरोबर आहे का हे तपासण्यासाठी ब आणि क या बिंदूंपाशी हिशेब करावा. क ला वरच्या कमानीतून २.५ अँपिअर येतात. त्यातले १ डावीकडे आणि १.५ उजवीकडे जातात. ब ला ६ ओहममधून ०.५ आणि मधल्या रोधातून १ येतो आणि दुसऱ्या कमानीतून १.५ बाहेर पडतात. ड ला ही १.५ आणि २ ओहममधून आलेले १.५ मिळून ३ होतात आणि बॅटरीकडे परततात. मधला बाण उलटा काढला, तर क पाशी २.५ आणि १ मिळून ३.५ आत येतात आणि बाहेर १.५ च जातात, म्हणजे चूक तेथेच उघडी पडते. कमानीतून किती धारा जाते हे प्रश्नात विचारलेले नाही, तरी मुलीने ते लिहावे, कारण त्याशिवाय हा ताळा करता येत नाही.

रानवारा
ब बद्दलचा मुद्दा समजला. तरीही एक शंका राहते. कमानीचा रोध शून्य आहे, मग क ला पोहोचलेली धारा पुन्हा मागे वळून डावीकडे का जाईल? तिला समोर २ ओहमची सोपी वाट मोकळी आहे.

जुना_शिक्षक
समोरची वाट सोपी आहे म्हणूनच तेथून जास्त, म्हणजे १.५ अँपिअर जातात. पण सोपी वाट असली म्हणजे दुसरी वाट बंद होत नाही. क आणि ब यांच्यात ३ व्होल्टचे विभवांतर आहे, तोवर त्या रोधातून धारा वाहणारच. मागे आणि पुढे हे शब्द कागदावरच्या मांडणीचे आहेत. धारेला कागदाची डावी-उजवी बाजू ठाऊक नसते. तीनही रोध एकाखाली एक, अशा शिडीच्या पायऱ्यांसारखे पुन्हा काढून पाहा, डावीकडे अ आणि उजवीकडे ब ठेवून. मग मागे वळण्याची शंकाच उरणार नाही.

सोल्डरगन
हा परिपथ प्रत्यक्ष जोडून पाहता येतो, पण पत्रिकेतल्या आकड्यांनी जोडू नका. बाहेरच्या ३ ओहममधून ३ अँपिअर गेले तर त्यात २७ वॅट उष्णता निर्माण होते. दुकानात मिळणारा साधा पाव वॅटचा रोध काही क्षणांत काळा पडेल. शिवाय इतक्या कमी रोधांच्या मोजमापात मल्टिमीटरच्या तारांचा रोधही मध्ये येतो.

सगळे रोध हजारपट करावेत. १ किलोओहमचे चौदा रोध घेतले की काम होते: सहा एकसर जोडून ६, तीन जोडून ३, दोन जोडून २ आणि बाहेरच्यासाठी पुन्हा तीन. १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर एकूण धारा ३ मिलीअँपिअर येईल आणि काहीही तापणार नाही. बॅटरी किंवा ॲडॉप्टर काढून अ आणि ड यांच्यात रोध मोजला तर १ किलोओहमच्या आसपास दाखवेल. कमानी चुकून एकमेकींना चिकटल्या असतील तर तेथेच जवळजवळ शून्य येईल. ठिपका आहे की नाही, याचा फरक डोळ्यांना दिसतो तो असा.

मग पुरवठा जोडून मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा, लाल टोक ब ला आणि काळे क ला लावा. वाचन उणे ३ व्होल्टच्या आसपास येईल. तेच ६ किलोओहमवर लाल टोक डावीकडे ठेवून मोजले तर अधिक ३ येते. जुना_शिक्षक यांनी सांगितलेली उलटी दिशा हीच.

मृण्मयी
मनापासून आभार. मुलीला नावे देण्याची रीत लगेच कळली. आता ॲमीटरचे काय ते सांगावे. त्याचे वर्तुळ मोठे असून ते अ बिंदूवरच बसले आहे. डावीकडून बाहेरच्या ३ ओहमची तार त्याला लागते, उजवीकडून ६ ओहमची तार निघते आणि क कडे जाणारी कमान वर्तुळाच्या वरच्या उजव्या कडेपासून सुरू झालेली दिसते. मग तो एकूण धारा मोजतो की फक्त ६ ओहममधली?

पुस्तकी_किडा
ॲमीटरला दोनच टोके असतात, तेव्हा वर्तुळातून तिसरी तार निघणे हे रेखाटनातले सैलपण आहे. कमान वर्तुळाच्या डावीकडून निघते असे मानले तर ॲमीटर ६ ओहमच्या शाखेत येतो आणि वाचन ०.५ अँपिअर होते. ती उजवीकडून निघते असे मानले तर वाचन ३ अँपिअर. मला ०.५ अधिक संभवनीय वाटते. परिणामी रोध काढल्यावर एकूण धारा कोणीही सांगेल. ॲमीटर मुद्दाम अ ला चिकटवून काढला आहे तो शाखेतली धारा विचारण्यासाठीच असावा.

जुना_शिक्षक
आकृतीतील खुणांवरूनच निर्णय घ्यावा हे आपलेच म्हणणे होते. कमान उजव्या कडेपासून निघते आहे, म्हणजे धारा आधी ॲमीटरमधून जाऊन मग फुटते. शिवाय ॲमीटर ०.५ दाखवत असेल, तर तिसऱ्या प्रश्नातला ६ ओहमचा भाग दुसऱ्या प्रश्नातच विचारून झाला. मी ३ अँपिअर धरीन.

पुस्तकी_किडा
कडेचा मुद्दा खरा आहे, पण एवढ्या मोठ्या वर्तुळावर ती कड म्हणजे दोन-तीन मिलिमीटरचा प्रश्न आहे. कमानी छेदतात तेथे आपल्यापाशी तुलनेला तीन ठिपके होते. येथे तुलनेला काहीच नाही, कारण पानावर ॲमीटर एकच आहे. मी माझे मत बदलत नाही.

सोल्डरगन
दोघांच्या वादात पडत नाही. पण मी असे लिहून दिले असते की ॲमीटर अ च्या आधी असेल तर ३ अँपिअर, ६ ओहमच्या शाखेत असेल तर ०.५ अँपिअर. दोन्ही वेळा ॲमीटरचा स्वतःचा रोध शून्य धरला आहे.

मृण्मयी
मुलीने सोल्डरगन यांनी सुचवल्याप्रमाणे दोन्ही वाक्ये लिहिली आहेत आणि शेजारी ॲमीटर अ च्या डावीकडे सरकवून स्वच्छ आकृती पुन्हा काढली आहे, त्यात छेदस्थानी छोटी उडीही दिली आहे. शिकवणी गुरुवारी आहे. ॲमीटर कोठे अभिप्रेत होता हे ती शिक्षकांनाच विचारणार आहे. ते काय सांगतात ते येथे कळवीन.

ओमकार_डी
मुलाच्या चाचणीची आकृती सापडली. त्यात रोध पाच आहेत आणि बॅटरी वरच्या व खालच्या कोपऱ्यांना जोडलेली आहे. नावे देऊन पाहिली तर चार उरली. मधल्या रोधाची किंमत मात्र खोडून पुन्हा लिहिलेली आहे आणि ती ५ आहे की ८ ते वाचता येत नाही. त्याने उत्तर बदलेल का?

जुना_शिक्षक
सेतू संतुलित असेल तर बदलणार नाही. बाकीच्या चार रोधांच्या किमती द्याव्यात. डावीकडच्या वरच्या आणि खालच्या रोधांचे गुणोत्तर उजवीकडच्यांइतकेच आहे का, तेवढे आधी पाहावे.